तेरा दिवस उशीर झाला म्हणून वर्षभराची फी कशासाठी?

घोडबंदर रोडवरच्या किंवा नेरुळ-वाशीकडच्या एखाद्या स्पोर्ट्स क्लबचं सदस्यत्व घेताना जो अर्ज भरावा लागतो, त्याच्या शेवटच्या पानावर नियम छापलेले असतात. तलावात पोहण्याचा पोशाख सक्तीचा, पाहुण्यांचं शुल्क वेगळं, बाहेरच्या चपला घालून बॅडमिंटन कोर्टवर यायचं नाही. याच रांगेत, याच बारीक अक्षरांत आणखी एक नियम असतो. त्याचा आशय साधारण असा: सदस्यत्वाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, वर्ष संपण्याच्या किमान ६० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर सदस्यत्व पुढच्या वर्षासाठी आपोआप वाढेल आणि संपूर्ण वार्षिक शुल्क द्यावं लागेल. चपलांचा नियम मोडला तर कोणी टोकतं. हा नियम मोडला तर टोकायला कोणी नसतं, थेट बिल येतं.

सदस्यत्व आपोआप वाढणं ही मुळात वाईट गोष्ट नाही, हे आधीच सांगायला हवं. दरवर्षी नवा अर्ज, नवे फोटो, नवं ओळखपत्र यातून सदस्याचीही सुटका होते आणि कार्यालयाचीही. आगाऊ कळवण्याची अटही गैर नाही. पुढच्या वर्षी किती कुटुंबं राहणार हे कळल्याशिवाय जीवरक्षकांची संख्या, प्रशिक्षकांचे करार, तलावाच्या देखभालीचं कंत्राट ठरवता येत नाही. आक्षेप आहे तो मुदत चुकल्यावर जी शिक्षा होते तिच्यावर. एक दिवस उशीर झाला काय किंवा शंभर दिवस झाला काय, वसुली पूर्ण वर्षाची. नुकसान किती झालं हा प्रश्नच विचारला जात नाही. उशीर जितक्या दिवसांचा, सदस्यत्व तितकेच दिवस पुढे चालावं, असा नियम असायला हवा. आणि मुदत जवळ आल्याचं कळवण्याची जबाबदारी क्लबवर असायला हवी, कारण तारखेची नोंद त्याच्याकडे असते आणि ती चुकल्याचा फायदाही त्यालाच होतो.

एक हिशेब मांडून पाहू. माजिवड्याला राहणारं एक कुटुंब आहे असं समजा. क्लबचं वार्षिक शुल्क करासह २४,००० रुपये, सुरुवातीला भरलेली अनामत १०,००० रुपये. मुलगी बारावीला गेली, कोर्टवर जाणं थांबलं, म्हणून १२ फेब्रुवारीला सदस्यत्व संपवत असल्याचं पत्र दिलं. ३१ मार्चच्या ६० दिवस आधीची तारीख येते ३० जानेवारी, म्हणजे पत्र १३ दिवस उशिरा पोचलं. क्लब म्हणतो, सदस्यत्व वाढलं. २४,००० पैकी १०,००० अनामतीतून वळते केले, उरलेले १४,००० भरा. आता हाच उशीर दिवसांत मोजा. २४,००० भागिले ३६५ म्हणजे दिवसाला सुमारे ६६ रुपये. तेरा दिवसांचे होतात ८५५ रुपये. सदस्यत्व ३१ मार्चऐवजी १३ एप्रिलला संपलं असं मानलं, तर क्लबला त्याची साठ दिवसांची आगाऊ सूचना पूर्ण मिळते. त्यावरचे तेवीस हजारांहून अधिक रुपये कशाचे, याचं उत्तर नियमात नाही.

या वादात सदस्य बहुतेक वेळा चुकीच्या मुद्द्यावर लढतात. ‘मी तर काही बोललोच नाही, माझ्या गप्प राहण्याला होकार कसं म्हणता?’ हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, पण टिकत नाही. गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे हे करार कायद्यातलं जुनं तत्त्व खरं आहे, पण ते नव्या प्रस्तावाला लागू पडतं. इथे सदस्याने पहिल्याच दिवशी सही करून मान्य केलेलं असतं की मी कळवलं नाही तर सदस्यत्व पुढे चालू समजा. बांधून ठेवते ती ती सही, नंतरचं मौन नव्हे. म्हणून आधी तपासायचं ते हे, की ज्या अर्जावर सही केली त्यात हा नियम होता का. तो अर्जात नसेल आणि कार्यकारिणीने मागाहून ठराव करून फलकावर लावला असेल, तर तो ठराव करण्याचा अधिकार तिला होता का आणि तो सदस्यांना कसा कळवला, हे विचारता येतं. नियम अर्जातच असेल, तर मौनाचा वाद सोडून रकमेकडे वळावं.

रकमेबद्दल भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ महत्त्वाचं आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असं करारात लिहिलेलं असलं, तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. ती रक्कम आपोआप पदरात पडत नाही. क्लब यावर म्हणतो की ही भरपाई नाहीच, हे पुढच्या वर्षाच्या सेवेचं शुल्क आहे, सुविधा खुल्या आहेत, तुम्ही वापरा किंवा वापरू नका. हा मुद्दा हलका नाही. पण सदस्याने फेब्रुवारीतच स्पष्ट लिहून दिलं आहे की १ एप्रिलपासून येणार नाही, ओळखपत्रं परत केली आहेत आणि प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या कुटुंबाला ती जागा देण्यासाठी क्लबकडे दीड महिना आहे. अशा वेळी वर्षभराची सेवा दिली हे म्हणणं कागदापुरतंच उरतं. प्रतीक्षायादी असलेल्या क्लबला तर एक कुटुंब गेल्याने नव्या कुटुंबाचं प्रवेशशुल्कही मिळतं. म्हणून वादाच्या पत्रात एक प्रश्न थेट विचारावा: आमची जागा १ एप्रिलनंतर कोणाला दिली का, आणि दिली असेल तर कोणत्या तारखेला?

वाद टाळायचा तर सूचना कशी द्यायची हे नीट समजून घ्यायला हवं, कारण बहुतेकांचे पैसे अडकतात ते कायद्यात नाही, पत्रात.

पहिली चूक तारखेची. ‘दोन महिने आधी’ आणि ‘६० दिवस आधी’ या एकच गोष्टी नाहीत. ३१ जानेवारी ते ३१ मार्च हे साध्या वर्षात ५९ दिवस भरतात. ‘दोन महिने’ असं मनाशी धरून ३१ जानेवारीला पत्र देणारा एका दिवसाने चुकतो. २०२८ सारख्या लीप वर्षात हीच तारीख चालून जाते. शिवाय दोन्ही टोकांचे दिवस सोडून मध्ये पूर्ण ६० दिवस हवेत असा अर्थ एखादा क्लब लावतो, मग आणखी एक दिवस मागे यावं लागतं. २०२७ मध्ये ३० जानेवारीला शनिवार आहे आणि त्या आठवड्यात प्रजासत्ताक दिनाची सुट्टीही आहे. म्हणून संक्रांत ही आपली खूण धरावी. तिळगूळ वाटायच्या आधी पत्र क्लबमध्ये पोचलेलं असावं. वर्ष एप्रिलचं आहे की सदस्यत्व घेतल्याच्या तारखेपासूनचं, हेही पावतीवर बघून घ्यावं. काही ठिकाणी पहिलं वर्ष प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात आणि नंतर मार्चअखेरशी जुळवून घेतात.

दुसरी चूक पत्त्याची. रिसेप्शनवरच्या मुलाला तोंडी सांगणं किंवा व्यवस्थापकाला व्हॉट्सअ‍ॅप करणं म्हणजे सूचना दिली असं बहुतेकांना वाटतं. नियमात मात्र ‘मानद सचिवांना लेखी’ असे शब्द असतात. तेव्हा पत्र सचिवांच्या नावानेच लिहावं, दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. शिक्का बघून घ्यावा. त्यात आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही या तिन्ही गोष्टी हव्यात. नुसती सही आणि खाली तारीख नाही, अशी प्रत वादाच्या वेळी निरुपयोगी ठरते, कारण प्रश्न पत्र दिलं का हा नसतोच, कधी दिलं हा असतो. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवावं आणि क्लबच्या अधिकृत ईमेलवर त्याची स्कॅन केलेली प्रत टाकावी. जुन्या नियमावल्यांत ‘रजिस्टर पोस्टाने’ असं असतं. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केली, त्यामुळे आता स्पीड पोस्टच करावी लागते. पोच मिळण्याची सोय मागून घ्यावी आणि पावती व पोच जपून ठेवावी. मोजणी पत्र टाकल्याच्या तारखेपासून नव्हे, पोचल्याच्या तारखेपासून होईल हे धरूनच चालावं.

तिसरी चूक भाषेची. ‘यंदा आम्हाला फारसं येणं जमणार नाही, तरी विचार व्हावा’ असं सौजन्याने लिहिलेलं पत्र म्हणजे सूचना नव्हे, ती विनंती झाली, आणि विनंती कार्यकारिणी फेटाळू शकते. ‘अनामत परत दिल्यास राजीनामा देत आहे’ हीसुद्धा अट झाली, राजीनामा नव्हे. पत्र ज्याच्या नावावर सदस्यत्व आहे त्याच्याच सहीचं हवं. नवऱ्याच्या नावावरचं सदस्यत्व बायकोच्या पत्राने संपलं नाही, अशी हरकत घेतली जाते. मजकूर एवढा पुरेसा आहे:

‘मी, सदस्य क्रमांक अमुक, माझे व माझ्यासोबत नोंदवलेल्या कुटुंबीयांचे सदस्यत्व ३१ मार्च २०२७ रोजी संपवत आहे. नियम क्रमांक अमुक अन्वये ही आगाऊ सूचना समजावी. १ एप्रिल २०२७ पासून सदस्यत्वाचे, लॉकरचे व प्रशिक्षण वर्गाचे नूतनीकरण करू नये आणि त्यापुढील कोणतेही शुल्क माझ्या खात्यातून घेऊ नये. अनामत रक्कम रु. १०,००० सोबत दिलेल्या बँक खात्यात परत करावी.’

लॉकर आणि प्रशिक्षण वर्गाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. त्यांची नोंद अनेकदा वेगळ्या वहीत असते, आणि मुख्य सदस्यत्व संपलं तरी लॉकरचं भाडं लागत राहतं, चावी परत होईपर्यंत. ‘तुमचा राजीनामा कार्यकारिणीच्या बैठकीत मंजूर व्हायचा आहे’ असं उत्तर आलं तर नियमावलीत मंजुरीची अट खरोखर आहे का ते पाहावं. नसेल तर उलट लिहावं की सूचना अमुक तारखेला पोचली आहे, मंजुरी मागितलेलीच नाही.

आता पैशाची बाजू. बँकेतून आपोआप जाणारी रक्कम थांबवली की सदस्यत्व संपलं, हा समज सर्वांत महागात पडतो. मँडेट ही बँकेला दिलेली परवानगी आहे, सदस्यत्व हा क्लबशी केलेला करार आहे. परवानगी काढून घेतली तरी करार चालूच राहतो आणि थकबाकी साठत जाते. दोन्ही कामं करायची, आणि आधी क्लबचं पत्र. यूपीआय ऑटोपे असेल तर अ‍ॅपमधूनच मँडेट रद्द होतं. नॅच, म्हणजे बँक खात्यातून ठरावीक रक्कम आपोआप वळती करणाऱ्या यंत्रणेचं मँडेट असेल, तर बँकेला त्याचा संदर्भ क्रमांक देऊन लेखी रद्द करून घ्यावं. खातं रिकामं ठेवून वसुली परत पाठवण्याची युक्ती मात्र कधीही करू नये. खात्यात पैसे नाहीत म्हणून इलेक्ट्रॉनिक वसुली फसली तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखाच फौजदारी मामला उभा राहू शकतो. पुढच्या तारखेचे चेक देऊन ठेवले असतील तर पत्रात त्यांचे क्रमांक लिहून ते परत मागावेत.

कार्ड किंवा यूपीआयच्या आवर्ती वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेने चांगली तजवीज केलेली आहे. रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला संदेश गेला पाहिजे, आणि क्लबच्या शुल्कासारखी रक्कम १५,००० रुपयांच्या वर असेल तर ओटीपीसारखी वेगळी संमती लागते. पण या नियमाची मर्यादा ठाण्याच्या आपल्या कुटुंबाच्या बाबतीत लगेच दिसते. हा संदेश येईल ३० किंवा ३१ मार्चला. सूचनेची मुदत संपली जानेवारीत. आपला पैसा जाणार आहे हे ज्या दिवशी सदस्याला प्रथम कळतं, त्या दिवशी नियमाप्रमाणे त्याच्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नसतं. संदेशाची तारीख रकमेशी नव्हे तर सूचनेच्या मुदतीशी जोडली, तरच त्या संदेशाचा उपयोग आहे.

फ्रान्सने हे २००५ मध्येच ओळखलं. तिथल्या शातेल कायद्याप्रमाणे आपोआप वाढणाऱ्या सेवा-करारात, नूतनीकरण नाकारण्याची मुदत संपण्याआधी तीन महिने ते एक महिना या काळात व्यावसायिकाने ग्राहकाला तशी आठवण लेखी द्यावी लागते. ती दिली नाही, तर वाढलेला करार ग्राहक कधीही, कसलाही दंड न भरता मोडू शकतो. जर्मनीत १ मार्च २०२२ पासून केलेल्या ग्राहक-करारांत पहिली मुदत संपल्यावर करार पुन्हा एका वर्षासाठी बांधताच येत नाही. तो पुढे चालतो, पण एका महिन्याच्या सूचनेने कधीही संपवता येतो. मात्र नोंदणीकृत संघटनांच्या सदस्यत्वाला तिथे वेगळा नियम आहे, आणि या वेगळेपणात अर्थ आहे.

कारण आपल्याकडेही क्लब दोन जातींचे आहेत. एक, बिल्डरने किंवा कंपनीने चालवलेला, जिथे सदस्य म्हणजे पैसे देणारा ग्राहक. दुसरा, संस्था नोंदणी कायदा, १८६० खाली नोंदलेला, जिथे सदस्याला मत असतं आणि नियम सर्वसाधारण सभा करते. पहिल्या प्रकारात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सरळ हाताशी येतो. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून सुरुवात करता येते. ती निष्फळ ठरली तर जिल्हा आयोगाकडे जावं. आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार चालते, दिलेलं शुल्क ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. नेरुळ-वाशीकरांसाठी जिल्हा ठाणे, खारघर-पनवेलकरांसाठी रायगड, हे लक्षात ठेवावं. इथे एक बारकावा आहे. ‘हा नियमच अन्याय्य करार म्हणून रद्द करा’ अशी मागणी जिल्हा आयोग ऐकू शकत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. अनामत अडवून ठेवणं आणि न दिलेल्या सेवेचं शुल्क मागणं ही सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा आहे, अशी मांडणी केली तर दहा-वीस हजारांचं प्रकरण जिल्ह्यातच राहतं. सदस्यत्व अ‍ॅपवरून घेता येतं पण संपवायला कार्यालयात खेटे घालावे लागतात, असं असेल तर ग्राहकाला फसवून अडकवणाऱ्या अ‍ॅप-रचनांना, म्हणजे डार्क पॅटर्नना, आळा घालणाऱ्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ या नावाने हीच गोष्ट मनाई केलेली आहे, त्याचा उल्लेख तक्रारीत जरूर करावा.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे सदस्यांच्या स्वतःच्या संस्थेत, ‘आम्ही विक्रेते नाही, तुम्हीच आमचे भाग आहात’ असा बचाव येतो. शिवाय १८६० चा कायदा संस्थेच्या बाजूने दोन गोष्टी देतो. नियमाप्रमाणे राजीनामा न दिलेला सदस्य सदस्यच राहतो, आणि थकलेल्या वर्गणीसाठी संस्था त्याच्यावर दावा लावू शकते. उलट वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली की कलम १५ प्रमाणे त्याला मतही देता येत नाही. नुसतं जाणं बंद करणारा माणूस असा दोन्हीकडून मार खातो: देणं वाढत जातं, आणि ते वाढवणारा नियम बदलण्याचा हक्क हातातून जातो. म्हणूनच अशा संस्थांत ज्यांना राहायचं आहे त्यांनी हा प्रश्न उचलायला हवा. जाणारा एकटा असतो आणि घाईत असतो, राहणाऱ्यांकडे मत असतं. ज्येष्ठ नागरिकांचे संघ, गिर्यारोहण मंडळं अशा स्वयंसेवकांनी चालवलेल्या छोट्या संस्थांना आठवणपत्राचा भार पेलणार नाही, असं म्हटलं जातं. पण वार्षिक सभेची नोटीस आणि वर्गणीचं स्मरणपत्र त्या प्रत्येक सदस्याला पाठवतातच. डिसेंबरमध्ये त्याच यादीवर एक संदेश आणखी जाईल, एवढंच काम आहे.

सभेपुढे ठेवायचा ठराव लांबलचक असण्याची गरज नाही. १ ते ३१ डिसेंबरदरम्यान सचिवांनी प्रत्येक सदस्याला नूतनीकरणाची तारीख, पुढील वर्षाचं शुल्क आणि सूचनेची शेवटची तारीख दिनांकासह कळवावी; ‘६० दिवस आधी’ असं मोघम नव्हे, ‘३० जानेवारी २०२७’ असं. सूचना उशिरा आली तर जितके दिवस उशीर तितकेच दिवस सदस्यत्व पुढे चालावं आणि तेवढ्याच दिवसांचं शुल्क घ्यावं. डिसेंबरचं पत्र गेलं नसेल तर सदस्याने कधीही लेखी कळवून निघावं आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे ३० दिवसांत परत मिळावेत. नियमबदलाचा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून घेता येणार नाही असा आक्षेप येऊ शकतो, म्हणून ठराव लेखी, सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्यांनिशी, सभेची विषयपत्रिका निघण्याआधी सचिवांकडे द्यावा. आणि त्याच्या प्रतीवरही आवक शिक्का घ्यावा, तारखेसकट.